पद्धतीतलं एक वाक्य

उद्या टीवाय स्टॅटिस्टिक्सचा सेमिनार. पेपर डॉल आणि हिल यांचा, १९५०, धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग. आज पद्धतीचा भाग घेऊन प्रश्न काढत बसले होते. पहिला प्रश्न लिहिला, 'रुग्ण किती?' उत्तर ७०९, तुलनेसाठीही तेवढेच. तो लगेच खोडला, कारण वाचून दाखवलं की संपलं.

मग प्रत्येक वाक्याला एकच विचारायला लागले: असं केलं नसतं, तर निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकला असता?

मुलाखती घेणाऱ्या बायकांना कर्करोग कुणाला आहे हे बहुतेक वेळा ठाऊक होतं. म्हणजे त्या रुग्णांना सिगारेटबद्दल जास्त खोदून विचारलं गेलं असेल? लेखकांनी हे तपासलंय. काहींना मुलाखतीच्या वेळी कर्करोग आहे असं धरलं होतं, पण नंतर निदान चुकीचं निघालं. म्हणून प्रश्न असा लिहिला: 'पूर्वग्रह असता, तर या लोकांचे आकडे कोणत्या गटासारखे दिसले असते?' दिसले ते कर्करोग नसलेल्यांसारखे. हे मी सांगणार नाही. आधी मुलांनी फळ्यावर अंदाज लिहायचा, मगच तक्ता उघडायचा.