किलोला किती पाणी, पुरीला किती तेल

फोंड्याला आमचा डब्यांचा छोटा व्यवसाय आहे. बहुतेक डबे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जातात. गोव्यात जेवण भाताचं, पण कारखान्यात काम करणाऱ्यांना डब्यात चपाती लागते, आणि सकाळी सातला लाटलेली चपाती दुपारी एकला मऊ निघायला हवी. ही कणीक आमच्याकडे मावशी मळायच्या. यंदा आषाढात त्या मुलीच्या बाळंतपणासाठी सावंतवाडीला जाणार होत्या, आणि नंतर श्रावणात देवळातल्या सप्ताहाला पुऱ्यांची ऑर्डर होती.

“मावशी, पाणी किती घालता?” या प्रश्नाला उत्तर ठरलेलं. “बसेल तेवढं गो.” म्हणून मी त्यांना विचारणं सोडलं आणि काटा ओट्यावर आणून ठेवला. त्यांनी नेहमीसारखंच मळायचं. मी फक्त पीठ मोजून देई, पाण्याचा तांब्या आधी मोजून ठेवी आणि मळून झालं की परत मोजी. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी पिठात गेलं. एका मिलीलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, त्यामुळे मापटं लागतच नाही, काटा पुरतो.

कोरड्या दिवसांत, गिरणीतून ताज्या दळलेल्या गव्हाच्या पिठाला मावशींचा हात किलोमागे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास थांबत होता. पिठाच्या 65 टक्के पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि शेवटी हाताला लावायला दोन चमचे तेल. मला जास्त उपयोगी पडलं ते दुसरंच. त्या सगळं पाणी एकदम घालत नव्हत्या. पाऊणएक भाग आधी, उरलेलं थोडं थोडं, आणि कणीक हाताला किंचित चिकटत असतानाच पाणी बंद. मग ओलं फडकं टाकून अर्धा तास विसावा. कोंडा पाणी सावकाश पितो. मळताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने बरोबर होते. उलट मळतानाच ती हाताला बरोबर वाटली, तर अर्ध्या तासाने घट्ट झालेली असते आणि तिची चपाती दुपारपर्यंत वाळते. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा आणि तो सावकाश, अर्धवट भरून यावा. पटकन वर आली तर पाणी कमी आहे, खळगा तसाच राहून कडा बोटाला चिकटली तर जास्त.

पाकिटातल्या पिठाला हाच आकडा लावू नये. गव्हाची जात आणि दळण बदललं की आकडाही बदलतो. दगडी जात्यात दळताना पिठातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात, आणि फुटलेले कण पाणी जास्त ओढतात. म्हणून पीठ बदललं की पहिल्या किलोला मी 600 ग्रॅमपासून सुरुवात करते आणि पुढचं पाणी बोटाला विचारून घालते.

मग पाऊस लागला. तेच पीठ, तीच गिरण, आणि साडेसहाशेला कणीक पोळपाटाला चिकटू लागली. कारण हवेत होतं. पावसाळ्यात उघडं पीठ हवेतली ओल शोषतं. समजा पिठातला ओलावा 11 टक्क्यांवरून 14 वर गेला. आता एक किलो पिठात कोरडा भाग 890 ऐवजी 860 ग्रॅमच उरतो आणि 30 ग्रॅम जादा पाणी आधीच आत असतं. पाणीही जास्त आणि ते पिणारं पीठही कमी. हिशेब केला तर वरून घालायचं पाणी साधारण 55 ग्रॅमने उतरतं. मावशी जायच्या आधी तांब्याचं वजन तपासलं, तर त्यांचा हात सहाशेच्या जरासा खालीच थांबत होता. त्यांनी ना हवामान विचारलं, ना काटा पाहिला.

पुरीची गोष्ट वेगळी. तिथे मावशींचा हात मिळाला नाही, कारण घरी पुरी करताना त्या मोहन डोळ्यांनीच घालतात आणि घाणा लहान असतो. ऑर्डरला पातळ भाजीबरोबर 500 पुऱ्या हव्या होत्या, त्याही गार झाल्यावर खाण्यालायक. म्हणून आदल्या आठवड्यात थोड्या थोड्या पिठावर मोहन बदलून पाहिलं. किलोला 30 ग्रॅम तेलाची पुरी छान टम्म फुगली, पण गार झाल्यावर चिवट. 100 ग्रॅमची लाटतानाच कडेला चिरली, तळताना जेमतेम फुगली आणि खारीसारखी खुसखुशीत झाली. शंकरपाळ्याला ते चालेल, भाजी उचलायला नाही. 50 ग्रॅमला पुरी फुगलीही आणि गार झाल्यावर मऊही राहिली. तेल पिठाच्या कणांना वेढतं, त्यामुळे गव्हातला चिवटपणा पुरता जुळून येत नाही. तो अगदीच तुटला तर वाफ धरून ठेवणारा पापुद्राच बनत नाही. म्हणून मोहन घालायचं ते कोरड्या पिठात, पाण्याच्या आधी, आणि दोन्ही तळहातांनी चोळून. पीठ मुठीत दाबलं की जेमतेम गोळा व्हावा आणि बोट लागताच फुटावा.

पाणी मात्र चपातीपेक्षा बरंच कमी. कोरड्या दिवसांत मी 460 धरलं असतं, श्रावणात 430 वर आणलं. पुरीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्या जागी तेल शिरतं. कणीक सैल, तर पुरी तेलकट.

आता हिशेब. 900 ग्रॅम गव्हाचं पीठ आणि 100 ग्रॅम बारीक रवा मिळून एक किलो, त्यात 430 पाणी, 50 तेल, 10 मीठ आणि रंग यावा म्हणून 5 साखर. गोळा होतो 1,495 ग्रॅम. 22 ग्रॅमची एक लाटी धरली तर किलोला 68 पुऱ्या, म्हणजे 500 साठी साडेसात किलो. मोहनाचं तेल 375 ग्रॅम. इथे लिटरच्या बाटलीवरून माप घेतलं तर थोडा फरक पडतो, कारण तेल पाण्याहून हलकं. 375 ग्रॅम म्हणजे साधारण 410 मिली.

साडेसात किलो एकदम मळले नाहीत. अडीच-अडीच किलोचे तीन गोळे केले, पहिला अर्धा तळून झाला की दुसरा मळायला घ्यायचा. पुरीच्या कणकेला वीस मिनिटं पुरतात, तासभर पडली की ती सैल होते. लाटायला पोळपाटाला तेलाचं बोट लावलं. कोरडं पीठ लावलं तर ते कढईत तळाशी जळतं आणि तेल काळं पडतं. लाटलेल्या पुऱ्या ओलसर फडक्याखाली ठेवल्या, कारण पंख्याखाली वरचा पापुद्रा वाळला की ती बाजू फुगत नाही. तेल तापलं का ते पाहायला कणकेचा दाणा टाकायचा. तो तळाला टेकून दोन-तीन सेकंदांत वर यावा. बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि अशा तेलात पडलेली पुरी फुगायच्या आधीच कडक होते.

दुसऱ्या गोळ्याच्या काही पुऱ्या एकाच बाजूने फुगल्या. पाणी आणि तेल तेच होतं. मदतीला आलेली मुलगी कडा पातळ आणि मध्य जाड लाटत होती. तिला म्हटलं, “बाय, लाटणं कडेवरून उतरवू नको, थोडं आधीच थांबव.” पुढच्या पुऱ्या नीट आल्या.

देवळात न्यायच्या पुऱ्या परातीत पसरून वाफ गेल्यावरच डब्यात भरल्या. गरम असताना झाकण लावलं की वाफेचं पाणी परत पुरीवर बसतं, आणि मग किलोला 50 काय नि 60 काय, ती लिबलिबीतच होते.