कान खाजत राहिला आणि मी थेंब घालत राहिले

गेल्या जुलैमध्ये माझा उजवा कान ठणकायला लागला. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, तर कानाच्या नळीला सूज होती. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब मिळाले, सात दिवसांसाठी. चौथ्या दिवशी ठणका थांबला. तिथेच सगळं संपायला हवं होतं.

पण दहा-बारा दिवसांनी कानात खाज सुरू झाली. मला वाटलं, जुनंच दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय. मेडिकलवर रिकामी बाटली दाखवली, काही न विचारता नवी मिळाली. थेंब घातले की तासभर बरं वाटायचं, मग खाज दुपटीने. असे पाच आठवडे गेले. दुसरी बाटली संपून तिसरी उघडली होती.

ही खाज कानाच्या तोंडाशी नव्हती. आत, जिथे करंगळी पोचत नाही तिथे, आणि रात्री जास्त. उशीवर कान घासून घासून झोप उडायची. सासूबाई म्हणाल्या, "लसूण कडकडवून तेल घाल गं दोन थेंब." तेही घातलं. मग कान भरल्यासारखा झाला, फोन डाव्या कानाला लावावा लागला. एका सकाळी कानाच्या तोंडाशी आलेलं पाणी कापसाच्या काडीने टिपलं, तर काडीवर राखाडी ओला लगदा आणि त्यात काळे ठिपके, मिरीची पूड भुरभुरल्यासारखे. मळ असा नसतो हे मला तेव्हा कळलं आणि भीती वाटली.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दुर्बीण आत घालून समोरच्या स्क्रीनवर दाखवलं. नळीत भिजलेल्या वर्तमानपत्राचा बोळा कोंबल्यासारखं दिसत होतं आणि त्यावर काळे दाणे. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ड्रॉप कब से डाल रही हैं?" मी पाच आठवडे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. बुरशी आहे, म्हणाले, काळे दाणे म्हणजे बहुतेक ॲस्परजिलस.

त्यांनी समजावलं ते असं. कानात निरुपद्रवी जिवाणू राहतात, ते बुरशीला जागा मिळू देत नाहीत. कानाचा मळही किंचित आम्लधर्मी आणि चिकट असतो, तोही तिला रोखतो. अँटिबायोटिक थेंब जिवाणूंना मारतात, बुरशीला काही करत नाहीत. वरून स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती मंदावते, आणि रोजच्या थेंबांनी नळी ओली राहते. त्यात इंदूरचा पावसाळा. स्टेरॉइडमुळे खाज तेवढ्यापुरती दबते, म्हणून माणूस आणखी थेंब घालतो. मी नेमकं तेच करत होते. ठणका जाऊन खाज आली, तेव्हाच आजार बदलला होता.

उपचारातला मोठा भाग औषधाचा नसून साफसफाईचा निघाला. बुरशीचा थर तसाच राहिला तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने त्यांनी लगदा ओढून काढला. कानात मोठा घरघराट झाला आणि एकदम चक्कर आली. आतल्या गार हवेने तसं होतं, म्हणाले, आणि थोडं थांबले. सगळं निघाल्यावरच पडदा दिसला, तो शाबूत होता. ते बघणं गरजेचं असतं, कारण पडद्याला भोक असेल तर औषध बदलतं, काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. साखरही तपासायला लावली, कारण मधुमेहात ही बुरशी चिवट होते. माझी ठीक आली.

जुने थेंब त्या दिवशीच बंद. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचे एक टक्क्याचे थेंब मिळाले, दिवसातून तीनदा. बाटली मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनीही गरगरतं. कुशीवर पडून पाच मिनिटं तसंच राहायचं. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, तेल आणि काडी पूर्ण बंद.

दोन दिवसांत खाज निम्मी झाली, आठवड्यात गेली. मला थेंब बंद करायचा मोह झाला होता. बरं की आठव्या दिवशीची तपासणी ठरलेली होती. कोपऱ्यात अजून पांढुरकी साय दिसली, ती पुन्हा ओढून काढली. खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही, म्हणून थेंब एकूण तीन आठवडे चालले. तिसऱ्या भेटीत नळी स्वच्छ, पडदा चमकदार, आणि फोन परत उजव्या कानाला लागला.

आता आमच्या घरी थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची आणि संपवायची तारीख पेनाने लिहितो. परवा यांच्या कानात खाज सुटली तर सासूबाईंनीच विचारलं, "आधी कान दाखवलास का रे कुणाला?"