धंदा सांगणार नाही, पण नाव सुचवा

कोल्हापुरात लेबलं, पाकिटं आणि दुकानांचे बोर्ड डिझाइन करून देणं हा माझा धंदा. नाव सुचवणं त्यातच फुकट येतं, असा लोकांचा समज आहे. ऐन एप्रिलात एक गृहस्थ आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “पाच-सहा जबरी नावं काढून द्या की. बोर्ड करायचाय.”

“कसला धंदा आहे?”

“ते सांगतो नंतर. आधी नावं तर दाखवा.”

अशा माणसाला उलटे प्रश्न विचारले की तो आणखी आवळून बसतो. त्याला भीती असते, कल्पना बाहेर फुटली तर शेजारचाच उद्या सुरू करेल. म्हणून मी सरळ विचारायचं सोडून देतो आणि मुद्दाम एकमेकांशी काही संबंध नसलेली नावं कागदावर लिहून पुढे सरकवतो. माणूस काय हवं ते सांगत नाही, पण काय नको ते लगेच बोलतो.

‘पाटील बंधू’ वाचून ते म्हणाले, “बंधू कुठले? सगळं मंडळीच बघतात.” म्हणजे धंदा बायकोचा. ‘अन्वी’वर नाक मुरडलं, “साडीचं दुकान वाटतंय.” कपडे बाद. ‘चैतन्य’ त्यांना दवाखाना वाटला. ‘झणका’ला मात्र हसले. “हे जरा जवळ आलं.”

“मग वहिनींनाच फोन लावा की,” मी म्हटलं.

वहिनींनी दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. कांदा-लसूण मसाला. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, कांडप समोर उभं राहून करून घेतात. पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं. गिऱ्हाईक कोण? पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपलीच माणसं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, माल कुरिअरनं.

इथं खरं काम सुरू झालं. आपल्याकडं या मसाल्याला घरोघरी चटणी म्हणतात. पुण्यातल्या माणसाला चटणी म्हटलं की खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची आठवते. पण वहिनींचं गिऱ्हाईक गाव सोडून गेलेलं कोल्हापूरकर. त्याला चटणी हाच शब्द ओळखीचा, ‘मसाला’ म्हटलं की दुकानातलं वाटणार. अनोळखी पुणेकरांना विकायचं असतं तर मी उलटा सल्ला दिला असता.

गृहस्थांना ‘कोल्हापुरी चटणी’ पसंत पडलं. मी नको म्हटलं. माल कुठला आणि कसला एवढंच सांगणाऱ्या नावावर ट्रेडमार्क कायद्यात एकट्याचा हक्क मिळणं अवघड. उद्या दुसऱ्यानं तेच छापलं तर अडवायचं कशाच्या जोरावर? ट्रेडमार्कचा अर्जही धंदा ठरल्याशिवाय भरता येत नाही. माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. मसाले 30 मध्ये येतात, खानावळ 43 मध्ये. एकच नाव एका वर्गात मोकळं आणि दुसऱ्यात अडकलेलं असू शकतं. धंदा न सांगता नाव मागणाऱ्याला मी तपासून तरी काय देणार?

“तुम्हाला हे करायला शिकवलं कुणी?” मी वहिनींना विचारलं.

“आत्तींनी.” म्हणजे सासूबाईंनी.

‘आत्तीची चटणी’ फोनवर तिथल्या तिथं पसंत झालं, पण वहिनीच पुढं म्हणाल्या, “दिवाळीत लाडू पण करायचेत.” लाडवाच्या डब्यावर चटणी कशी छापणार? म्हणून नाव नुसतं ‘आत्ती’, आणि खाली पदार्थ लिहायचा. पाकिटावर पदार्थाचं नेमकं नाव नियमानं द्यावंच लागतं, तिथं ‘कांदा-लसूण मसाला’ आलं. छपाईलाही नाव सोयीचं. पाव किलोच्या पाकिटावर लांबलचक नाव बारीक करावं लागतं, त्यात खाली उकार आणि वर रफार आले की दोन ओळींमध्ये जागा सोडावी लागते.

अडचण राहिली इंग्रजी अक्षरांची. गिऱ्हाईक मोबाइलवर Aatti, Atti, Aati असं काहीही टाइप करणार. आम्ही Aatti धरलं आणि पाकीट, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळीकडं तेच ठेवायचं ठरवलं. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधताना उच्चारावरून शोधायची सोय आहे, तिथं 30 व्या वर्गात सगळी स्पेलिंगं टाकून बघायला सांगितलं. नुसतं हुबेहूब नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कानाला सारखं लागणारं नावही आड येतं. अर्ज वकिलाकडून भरा म्हटलं. एका माणसाला एका वर्गाची ऑनलाइन फी 4500 रुपये, वकिलाचे वेगळे.

गृहस्थ अजून बोर्डावरच अडून होते. आठ बाय तीनचा, लायटिंगसकट. फोनमधून आवाज आला, “अवो, गिऱ्हाईक सगळं पुण्यात. बोर्ड कुणाला दाखवताय?”

बोर्डाचे पैसे पाकिटांच्या छपाईत घातले.