वीस किलोमीटरची केबल चार्ज करताना

ओव्हरहेड लाइनींवर बारा वर्षं काम केल्यावर पहिली मोठी भूमिगत केबल माझ्या वाट्याला आली. २२० केव्ही, दोन उपकेंद्रांमध्ये २० किलोमीटर, १२०० चौरस मिलिमीटर तांब्याचा कंडक्टर आणि त्यावर एक्सएलपीई या प्लास्टिकचं इन्सुलेशन. खोदाई आणि जॉइंटिंग दुसऱ्यांकडे होतं. चार्जिंगचा अभ्यास करून केबल सेवेत आणायचं काम माझ्याकडे होतं.

लाइनीची सवय असलेल्या माणसाला केबलचा पहिला आकडाच हादरवतो. कंडक्टर आणि बाहेरचा धातूचा स्क्रीन यांच्यात जेमतेम २२ मिलिमीटरचं इन्सुलेशन असतं, म्हणजे ही केबल म्हणजे २० किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच. निर्मात्याच्या तक्त्यात धारिता होती किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झला आणि फेज-टू-अर्थ १२७ केव्हीला हिशेब केला तर किलोमीटरला ८ अँपियर चार्जिंग करंट येतो. २० किलोमीटरला १६० अँपियर, तीन फेजचे मिळून ६१ मेगाव्हार, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज. तेवढ्याच लांबीची ओव्हरहेड लाइन जेमतेम अडीच-तीन मेगाव्हार देते. पलीकडच्या टोकाला एक दिवाही नसला तरी हा करंट वाहणारच.

मला आधी भीती वाटली ती तापण्याची. आमच्या केबलची क्षमता ८०० अँपियर होती, त्यातले १६० असेच गेले तर लोडला ६४० उरतील, असं मी वहीत लिहिलं. ते चूक होतं. चार्जिंग करंट लोडच्या करंटच्या काटकोनात असतो, म्हणून साधी वजाबाकी चालत नाही, वर्गांची वजाबाकी करावी लागते. ८०० चा वर्ग वजा १६० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७८४. म्हणजे २० किलोमीटरला आपण फक्त १६ अँपियर गमावतो. ५० किलोमीटरला चार्जिंग ४०० अँपियर होतं, तरी लोडला ६९३ मिळतात. ८० किलोमीटरला मात्र ४८० च उरतात आणि १०० किलोमीटरला शून्य: केबल स्वतःला चार्ज करण्यातच पूर्ण भरते. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं आणि शेवटी कडा एकदम कोसळते. दोन्ही टोकांना रिॲक्टर, म्हणजे हे मेगाव्हार शोषणारी मोठी कॉइल, लावून चार्जिंग करंट निम्मा-निम्मा वाटला तर ही मर्यादा दुप्पट लांब जाते. माल्टा आणि सिसिली यांच्यामधली २२० केव्हीची एसी केबल सुमारे १२० किलोमीटरची आहे, ती दोन्हीकडच्या रिॲक्टरांच्या जोरावरच. डीसीत मात्र हा कायमचा करंट मुळातच नसतो. कुडूसहून मुंबईत आरेला येणारी दुव्याची केबल डीसी आहे, त्याचे फायदे अनेक, पण लांब भूमिगत टप्प्यात हा एक मोठाच.

एवढा हिशेब झाल्यावर मी निश्चिंत झालो होतो. आमचे ज्येष्ठ अभियंते म्हणाले, "तापण्याचं सोड, रात्रीचं व्होल्टेज किती आहे ते बघ."

खरी अडचण तिथेच होती. ज्या उपकेंद्रातून चार्ज करायचं ते कमकुवत होतं, सगळ्या लाइनी जिथे जोडल्या जातात त्या बसची शॉर्ट-सर्किट पातळी, म्हणजे तिची ताकद, रात्री १५०० एमव्हीए. मध्यरात्रीनंतर लोड उतरला की बस २३६ केव्हीवर जायची. अशा ठिकाणी ६१ मेगाव्हार ढकलले की व्होल्टेज चार टक्क्यांहून थोडं जास्त चढतं, म्हणजे २३६ चं २४६. आमची वरची मर्यादा २४५. म्हणजे तापमानाच्या दृष्टीने १०० किलोमीटर जाऊ शकणारी केबल व्होल्टेजच्या दृष्टीने त्या उपकेंद्रावर २० किलोमीटरलाच अडत होती. करंट तोडणाऱ्या ब्रेकरचीही एक मर्यादा असते. २४५ केव्हीच्या ब्रेकरला आंतरराष्ट्रीय मानकात केबल-चार्जिंग तोडण्याची क्षमता २५० अँपियर धरलेली आहे, आणि २४५ केव्हीला किलोमीटरला जवळपास ९ अँपियर होतात, म्हणजे रिॲक्टर नसेल तर साधारण २८ किलोमीटर. आम्ही त्यात बसत होतो.

उपाय म्हणून ५० मेगाव्हारचा रिॲक्टर मंजूर झाला. मूळ आराखड्यात तो केबलच्याच टोकाला, केबलच्या ब्रेकरच्या पलीकडे जोडलेला होता: केबल चार्ज होताच रिॲक्टरही चालू. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. संगणकावर चार्जिंगचा क्षण चालवून पाहिला तेव्हा ब्रेकरमधल्या करंटची लाट शून्याच्या रेषेला शिवतच नव्हती.

मला वाटलं, मॉडेलमध्ये काहीतरी चुकलंय. दोन दिवस तपासलं. चूक नव्हती. रिॲक्टरचा करंट एकदम बदलू शकत नाही. व्होल्टेज शून्यावर असताना ब्रेकर लागला, तर रिॲक्टरच्या करंटमध्ये पूर्ण शिखराएवढा डीसी भाग येतो, आमच्या बाबतीत १८५ अँपियर. केबलच्या करंटमध्ये तसा टिकणारा डीसी भाग नसतो. आणि एसी भाग दोघांचे एकमेकांना खोडतात, कारण ६१ पैकी ५० मेगाव्हार रिॲक्टरने खाल्लेले. उरते फक्त ४१ अँपियर शिखराची लाट, १८५ च्या पातळीवर तरंगणारी. तिला शून्य नाही, आणि ब्रेकरला आर्क विझवायला शून्य लागतं. चांगल्या रिॲक्टरचे तोटे कमी, म्हणून हा डीसी भाग लवकर मरतही नाही. आमच्या हिशेबाने लाट पुन्हा शून्याला लागायला सुमारे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत एका फेजला फॉल्ट असला तर त्या फेजचा पोल सुटतो, पण चांगल्या दोन फेजचे पोल उघडतात आणि आर्क जळत राहतो. निम्म्याहून जास्त भरपाई ब्रेकरच्या पलीकडे एकत्र जोडली की हे होऊ शकतं.

तोच रिॲक्टर आम्ही बसवर, स्वतःच्या ब्रेकरवर हलवला. तो आधी चालू करायचा, त्याचा डीसी भाग विरू द्यायचा, मग केबल चार्ज करायची. केबलच्या ब्रेकरमधून तेव्हा फक्त केबलचा करंट जातो आणि त्याला दर अर्ध्या सायकलला शून्य असतं. किंमत एकच: ब्रेकरला पूर्ण चार्जिंग करंट तोडावा लागतो, तो २५० च्या आत आहे. एवढा बदल पटवून द्यायला मला तीन बैठका लागल्या, कारण बे आणि प्रोटेक्शनची रेखाचित्रं पुन्हा काढावी लागणार होती. ती काढणं योग्यच होतं.

चार्जिंग रात्री दीडला ठरलं. लोड डिस्पॅचची परवानगी आली, बसवर २३६ केव्ही. रिॲक्टर लावला, काटा २२८ वर उतरला. पाच मिनिटं थांबलो. पलीकडचा ब्रेकर उघडा असल्याची फोनवर दोनदा खात्री करून घेतली आणि केबलचा ब्रेकर लावला. मीटरवर १७३ अँपियर, ७१ मेगाव्हार, मेगावॅट जवळपास शून्य, बस २३८. कागदावर २२० केव्हीला १६० अँपियर होते, व्होल्टेजच्या प्रमाणात वाढून एवढेच यायला हवे होते. तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी जुळले, म्हणून कुठली फेज मध्येच तुटलेली नाही हेही कळलं.

तासाभराने ब्रेकर उघडून पाहिला. पहिल्याच प्रयत्नात सुटला आणि बस पुन्हा २२८ वर आली. केबलमध्ये विद्युतभार अडकलेला होता, कारण व्होल्टेज मोजणारे आमचे लाइन व्हीटी कपॅसिटिव्ह, त्यातून तो सुटत नाही. म्हणून अर्थ स्विच लागेपर्यंत यार्डातल्या मुलांना मी केबलच्या टर्मिनेशनजवळ जाऊ दिलं नाही. स्विच लागला, तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते.