वय काढलं की दोष वर्षांवर जातो

थिसिस जमा करायला बारा दिवस उरले होते. शनिवारी दुपारी एक विद्यार्थिनी सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीवर लॅपटॉप घेऊन आली. एमडीचं शेवटचं वर्ष, विषय विडी कामगार बायकांच्या फुप्फुसांची क्षमता. विडी घरकुल भागातल्या ११२ बायकांची स्पायरोमेट्री तिनं स्वतः केली होती. "जोरात फुंका, सोडत राहा, अजून" हे तेलुगूत सांगायलाही शिकली होती.

"मॅडम, आधी रिझल्ट सिग्निफिकंट येत नव्हता. गाईड सर म्हणाले, व्हीआयएफ बघ आणि पाचच्या वर असेल ते काढून टाक. काढलं, तर लगेच आला. तुम्ही फक्त हे वाक्य नीट करून द्या."

थिसिस इंग्रजीत होता, वाक्य मराठीत सांगते: "मल्टिकोलिनिॲरिटी आढळल्यामुळे (व्हीआयएफ ५ पेक्षा जास्त) वजन आणि वय हे घटक मॉडेलमधून वगळले."

मल्टिकोलिनिॲरिटी म्हणजे घटक एकमेकांना चिकटलेले असणं, आणि व्हीआयएफ ते मोजतो. व्याकरण ठीक होतं. पण एकाच वाक्यात दोन घटक आणि दोघांना एकच कारण, हे मला खटकलं. मी तिला पहिलं, काहीही न वगळलेलं मॉडेल पुन्हा चालवायला लावलं.

```
library(car)
m1 <- lm(fev1 ~ age + years + height + weight + bmi, data = d)
vif(m1)
#>   age  years  height  weight    bmi
#>   7.0    6.8    30.2   148.1  125.4
```

`fev1` म्हणजे पहिल्या सेकंदात जोरानं सोडलेली हवा, मिलिलीटरमध्ये. `years` म्हणजे विड्या वळण्याची वर्षं.

व्हीआयएफ काढताना `fev1` कुठेच येत नाही. प्रत्येक घटक बाकीच्या घटकांवरून किती ओळखता येतो, एवढंच तो तपासतो. त्या रिग्रेशनचा जो R² येतो, त्यावरून `1/(1-R²)`. वयाचा ७ आला, म्हणजे वयातला साधारण ८६ टक्के फरक बाकीच्या घटकांनीच सांगून टाकला. ७ चं वर्गमूळ २.६. वयाचा बाकीच्यांशी काहीच संबंध नसता, तर जी स्टँडर्ड एरर आली असती तिच्या २.६ पट आत्ता आहे. व्हीआयएफचं म्हणणं इथेच संपतं. कुठला घटक अभ्यासात राहायला हवा हे त्याला कळूच शकत नाही, कारण आपण काय शोधतोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ५ आणि १० या रेषाही वापरातून रूढ झालेल्या आहेत.

वजनाचं सोपं होतं. बीएमआय वजन आणि उंचीवरूनच निघतो, त्यामुळे तिन्ही एकत्र घातले की आकडे असे फुगणारच. वजन काढलं तरी त्यातली माहिती उंची आणि बीएमआयमध्ये शिल्लक राहते. काढून पाहिलं, दोघांचे व्हीआयएफ दीडच्या खाली आले. हे वगळणं बरोबर होतं.

वयाचं तसं नव्हतं. मी तिला विचारलं, "या बायका विड्या वळायला कधी लागल्या?"

"बहुतेक दहा-बारा वर्षांच्या असताना. आईशेजारी बसून शिकल्या."

म्हणजे कामाची वर्षं काढायची तर वयातून बारा वजा करायचे. दोन्ही रकाने एकमेकांना का चिकटले, ते इथेच कळलं. आणि वाढत्या वयाबरोबर `fev1` कमी होतच असतो. तंबाखूच्या धुळीजवळ कधीही न गेलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचाही तो मध्यमवयात वर्षाला साधारण २० ते ३० मिलिलीटरनं उतरतो.

वजन वगळून, पण वय ठेवून मॉडेल चालवलं. कामाच्या प्रत्येक वर्षामागे १४ मिलिलीटर घट, ९५ टक्के पल्ला ३१ घट ते ३ वाढ, पी-व्हॅल्यू ०.११. वयाच्या प्रत्येक वर्षामागे २२ घट. मग वय काढलं. कामाच्या वर्षाची घट एकदम ३४ झाली, पल्ला २७ ते ४१. तिला आवडलेला रिझल्ट हाच होता.

मी कागदावर लिहून दाखवलं: या डेटात कामाचं एक वर्ष वाढलं की वय सरासरी ०.९ वर्षानं वाढतं. २२ गुणिले ०.९ म्हणजे जवळजवळ २०. १४ अधिक २०, ३४. वय बाहेर काढल्यावर त्याच्या वाट्याची घट कुठे नाहीशी झाली नव्हती, ती कामाच्या वर्षांच्या नावावर चढली होती. पल्ला अरुंद झाला, पण तो चुकीच्या आकड्याभोवती.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे विड्यांमुळे काही होत नाही असं लिहू?"

तेही नाही. वजन वगळलेल्या मॉडेलमधून वय आणि वर्षं दोन्ही एकदम काढून `anova()` नं तुलना केली, तर पी-व्हॅल्यू ०.००१ च्याही खाली. दोघं मिळून फरक नक्की सांगतात. कुणाचा वाटा किती, एवढंच या ११२ बायकांवरून वेगळं करता येत नाही. १४ चा अंदाज चुकीचा नाही, सैल आहे. असा सैलपणा लपवायला घटक काढणं मला मान्य नाही, विशेषतः ज्या कामावर बायकांची पोटं चालतात त्याबद्दल आपण बोलत असतो तेव्हा.

चिकटलेले रकाने सुटे व्हायचे तर त्यांना वेगळी करणारी माहिती लागते. मी तिचा फॉर्म मागितला. प्रश्न होता, "किती वर्षांपासून विड्या वळता?" या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीपासून आजपर्यंत मोजूनच येणार. मधली थांबलेली वर्षं त्यात काम म्हणूनच धरली गेली होती.

सोमवारपासून ती पुन्हा त्याच गल्ल्यांत गेली. एका दिवशी मीही गेले. एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, पानं कापलेली, हात चालूच. वर्षं विचारल्यावर त्यांनी मुलांवरून मोजायला सुरुवात केली. थोरलीच्या वेळी दीड वर्ष बंद. धाकट्याच्या वेळी दोन. नवऱ्याला चांगलं काम होतं तेव्हा पाच वर्षं सूप हातात धरलं नाही. फॉर्मवर ३० लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात साडेएकवीस भरली. काही जणी लग्न होऊन बाहेरगावाहून आलेल्या आणि सासूकडून तिशीत शिकलेल्या. त्यांच्या फॉर्मवरही अंदाजे आकडे होते.

दुरुस्त वर्षं घातल्यावर वर्षांचा व्हीआयएफ ६.८ वरून ३.३ वर आला. घट ११ मिलिलीटर, पल्ला २३ घट ते १ वाढ. सिग्निफिकंट नाहीच. पण पल्ला पूर्वीच्या ३४ वरून २४ मिलिलीटर रुंदीचा झाला, आणि त्यासाठी वय काढावं लागलं नाही.

मग आम्ही वाक्य लिहिलं, एकाची दोन झाली:

"बीएमआय वजन व उंचीवरूनच काढलेला असल्याने वजन मॉडेलमध्ये घेतलेले नाही. वय व प्रत्यक्ष कामाची वर्षे यांचा परस्परसंबंध असूनही (व्हीआयएफ ३.३ ते ३.५) दोन्ही ठेवली आहेत, कारण वयाचा `fev1` वर स्वतंत्र परिणाम असतो आणि ते वगळल्यास तो परिणाम कामाच्या वर्षांचा म्हणून मोजला जाईल, कामाच्या वर्षांच्या अंदाजाचा पल्ला या परस्परसंबंधामुळे रुंद आहे."

तिच्या सरांनी वाचून एकच प्रश्न विचारला, वय काढलेलं मॉडेल कुठे गेलं? ते तिनं परिशिष्टात ठेवलं होतं, ३४ च्या आकड्यासकट, आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की यातला मोठा भाग वयाचा आहे.