आमची वाटचाल : रांगेतील बारावी मुलगी आणि आमची कोडे-कार्डे

माझी मुलगी इयत्ता पाचवीत होती तेव्हा पूर्व उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आम्ही घरीच करीत होतो. या परीक्षेत तेव्हा गणिताचे 50 प्रश्न पहिल्या पेपरमध्ये आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न दुसऱ्या पेपरमध्ये येत. सरावही आम्ही घटकांप्रमाणेच घेत असल्यामुळे ‘रांगेतील स्थान’ हे शीर्षक दिसताच ती ‘दोन्हीकडून बेरीज, मग एक वजा’ असे करून पुढे जाई; परंतु शीर्षक झाकून तोच प्रश्न दिला की ती थबकत असे. ती रीत तिला पाठ होती, पण एक का वजा करायचा हे तिला उमगलेले नव्हते.

म्हणून मी तिची तिसरी ते पाचवीची गणिताची पुस्तके समोर ठेवून, कोणत्याही घटकाचे नाव नसलेली कार्डे लिहू लागले. प्रत्येक कार्डात एक पायरी तर्काची आणि एक पायरी आकडेमोडीची असे. पुढे कार्डे विक्रीसाठी छापायची ठरली तेव्हा पुस्तकांतील एकही उदाहरण जसेच्या तसे घेतले नाही. त्या वयाच्या मुलांना कोणत्या क्रिया आणि कोणते शब्द ठाऊक असतात, एवढे ठरवण्यापुरताच पुस्तकांचा आधार ठेवला.

आमचे सर्वांत जुने आणि आजही संचात असलेले कार्ड असे आहे : ‘एका रांगेत सीमा डावीकडून 12वी आणि उजवीकडून 17वी आहे. रांगेतील प्रत्येकाने सहलीसाठी 15 रुपये दिले, तर एकूण किती रुपये जमले?’ सीमा दोन्हीकडून मोजली गेल्यामुळे 12 आणि 17 यांच्या बेरजेतून एक वजा होतो, रांगेत 28 मुले ठरतात आणि उत्तर 420 येते. सुरुवातीला या कार्डाची दुसरी पायरी ‘चार-चार जणांचे किती गट होतील?’ अशी होती. पण ज्या मुलांनी रांगेत 29 जण धरले, त्यांना चारने भाग जात नाही असे दिसताच ती मागे वळून एक वजा करीत आणि सात हे बरोबर उत्तर देत. कारण न समजताही उत्तर जुळत होते, त्यामुळे चूक आमच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. गुणाकारात तसे होत नाही. चुकीची संख्याही निमूटपणे शेवटपर्यंत जाते.

तेव्हापासून चार पर्यायांतला प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून काढायचा, असा नियम आम्ही केला. या कार्डावर 420 सोबत 435, 450 आणि 380 हे पर्याय आहेत. सीमाला दोनदा मोजणारे मूल 435 निवडते आणि एक वजा करण्याऐवजी मिळवणारे 450 निवडते. तर्क बरोबर असूनही 28 गुणिले 15 करताना हातचा चार विसरणारे मूल 380 वर थांबते. कार्डाच्या मागे केवळ बरोबर उत्तर न छापता प्रत्येक पर्यायापुढे तो कशामुळे येतो हे छापले आहे. त्यामुळे रांग पुन्हा काढून दाखवायची की गुणाकार पुन्हा करून घ्यायचा, हे पालकांना लगेच कळते. माझ्या मते संचाचे खरे काम या मागच्या बाजूवरच होते.

आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूकही रांगेचीच होती. पहिल्या छपाईतील एका कार्डावर ‘राजू डावीकडून 12वा, मीना उजवीकडून 17वी, दोघांच्या मध्ये तीन मुले, रांगेत एकूण किती?’ असा प्रश्न होता आणि उत्तर 32 दिले होते. एका पालकांनी कळवले की त्यांच्या मुलाचे उत्तर 24 येते आणि त्याची आकृती त्यांना कुठेही चुकलेली दिसत नाही. मी स्वतः 24 ठिपके काढून पाहिले. राजू 12वा राहिला आणि उजवीकडून 17वी असलेली मीना डावीकडून आठवी आली. त्यांच्या मध्ये नववे, दहावे आणि अकरावे अशी बरोबर तीनच मुले उरली. मीना राजूच्या डावीकडेही असू शकते, हे आम्ही लक्षातच घेतले नव्हते. त्या मुलावर अन्याय झाला याचे मला फार वाईट वाटले. उरलेल्या सर्व संचांतील ते कार्ड काढून टाकले, विकल्या गेलेल्या संचांसाठी नवे कार्ड टपालाने पाठवले आणि प्रश्नात ‘मीना राजूच्या उजवीकडे आहे’ हे वाक्य घातले.

आता प्रत्येक नवे कार्ड छपाईला जाण्यापूर्वी दोन व्यक्ती उत्तर न पाहता, वेगवेगळे बसून सोडवतात. त्यांपैकी एकीने सूत्र न वापरता केवळ आकृती काढायची असते. संख्यामालिकांच्या कार्डांना हीच तपासणी लावली तेव्हा ‘2, 4, 8, ?’ हे कार्ड बाद झाले, कारण दुप्पट करत गेल्यास 16 येतात आणि फरक दोनने वाढवत गेल्यास 14. त्या मालिकेत आम्ही 16 हे पद छापून प्रश्नचिन्ह एक घर पुढे सरकवले आहे.