गाता येतं, बोलता येतं, की नुसतं 'हं' म्हणता येतं?

"सर, बीपीची गोळी चालू आहे. घड्याळ म्हणतं ठोके ११५ ला न्या. कितीही चाललो तरी शंभराच्या पुढं जाईनात. मग व्यायाम लागायलाय का नाही, कळावं कसं?"

आधी गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरातलं नाव वाचा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल असं 'लोल'वर संपणारं काही दिसलं, तर घड्याळही बरोबर आहे आणि तुम्हीही. ही औषधं हृदयाचा वेग धरून ठेवतात, बसल्या जागीही आणि दमल्यावरही. पुष्कळदा ती दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून मोठ्या अक्षरातल्या नावावर जाऊ नका. नुसती टेल्मिसार्टन किंवा अम्लोडिपिन असेल तर ठोके असे अडत नाहीत. मग कारण दुसरं, ते डॉक्टरांना विचारा.

माझं वय ५६, गोळी मेटोप्रोलोलची. घड्याळाचा हिशोब असा: २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त ठोके १६४, त्याचे सत्तर टक्के ११५. हा हिशोब मुळातच ढोबळ, त्यात गोळी न घेणाऱ्यांवरून बांधलेला. मला कुठं ठाऊक होतं! परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या रस्त्यावर मी तो आकडा गाठायला निघालो. ९८, १०१, १०३. पळालो. १०८ ला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कडुनिंबाखाली बसकण मारली. पुढचा शहाणपणा याहून मोठा: दुसऱ्या दिवशी मुद्दाम गोळी चुकवली, आकडा तरी दिसावा म्हणून. डॉक्टर भडकले ते उगीच नाही. ही गोळी एकदम बंद केली तर ठोके आणि बीपी दोन्ही उसळतात, हृदयाला झटका बसू शकतो.

आता मी शून्य ते दहा एवढंच मोजतो. शून्य म्हणजे खाटेवर पडलेलो, दहा म्हणजे याउपर एक पाऊलही नाही. ही कल्पना स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची. त्यांची जुनी पट्टी ६ ते २० अशी होती, आपल्याला दहाची सोपी पडते. चालताना अभंग म्हणता आला तर तीनच्या आत. गाणं तुटतं पण तुरीच्या भावावर पूर्ण वाक्य बोलता येतं, ते चार-पाच. माझं बरंचसं चालणं तिथंच असतं. दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला की सात. सोबतचा गडी विचारतो आणि आपण नुसतं 'हं' म्हणतो, तिथं वेग कमी करायचा. या गोळीनं कधी कधी दमापेक्षा पाय आधी जड होतात. तेव्हा दोन्हींत जे जास्त जाणवतं, तोच आकडा धरायचा.

वजनं उचलायच्या दिवशी मात्र श्वासाचा हा हिशोब पुरत नाही. तिथं प्रश्न वेगळा: सेट थांबवला तेव्हा अजून किती वेळा उचलता आलं असतं? मंगळवारचं उदाहरण सांगतो. दोन्ही हातांत आठ-आठ किलोचे डंबेल घेऊन खुर्चीवरून उठबस. पहिल्या सेटला दहा झाले, आणखी चार निघाले असते, म्हणजे दहाच्या पट्टीतून चार वजा, आकडा सहा. दुसऱ्याला तीन शिल्लक, सात. तिसऱ्या सेटच्या आठव्याला मी श्वास कोंडून दात आवळले. तिथंच थांबलो, दोन शिल्लक असूनही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी क्षणात वर चढतं, आणि ते मनगटावरच्या ठोक्यांत दिसत नाही. उठताना श्वास सोडायचा. सुटत नसेल तर वजन जास्त आहे. सेट संपल्यावर लगेच बूड टेकायचं नाही, दोन-तीन मिनिटं हळू फिरायचं, नाहीतर चक्कर येते.

या मोजणीत गंमत अशी की उन्हाळा आपोआप धरला जातो. जानेवारीत तीस मिनिटांत होणारी फेरी मे महिन्यात सकाळी सातलाही सहावर जाते. मग पाच राखायचे आणि फेरीला पस्तीस मिनिटं लागू द्यायची. लघवीची गोळी सोबत असेल तर अंगातलं पाणी आणखी लवकर उतरतं. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी आखून दिलं नसेल तर बाटली जवळ ठेवा.

वहीत मी तीनच गोष्टी लिहितो: काय केलं, किती वेळ, आकडा किती. गेल्या पावसाळ्यात तीच फेरी त्याच वेगानं सलग तीन दिवस चारऐवजी सहावर आली. ताप यायच्या आधीच वहीनं सांगितलं होतं. पण छातीत दाब, हाताला-जबड्याला कळ किंवा घेरी आली तर आकडा लिहीत बसू नका. थांबा, सोबतच्याला सांगा आणि दवाखाना गाठा.